ड्राय आइस ओला का होत नाही?

(ससून डॉक, पहाट)

बर्फाच्या लाद्या फोडून मासळीवर टाकल्या जातायत आणि फरशीवरून पाण्याचे ओघळ वाहतायत. याच शहरात आइस्क्रीमच्या खोक्यात ठेवलेला ड्राय आइस, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, विरून जातो, तरी खाली थेंबभर ओल नसते. हवेचा दाब दोघांवर सारखाच, एक वातावरण.

(पडद्यावर पाण्याचा अवस्था-आलेख)

आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब. घन, द्रव आणि वायू यांच्या सीमारेषा जिथे मिळतात, तो त्रिकबिंदू. तिथे तिन्ही अवस्था एकत्र नांदतात. त्याहून कमी दाबाला द्रव टिकत नाही. पाण्याचा त्रिकबिंदू 0.01 अंश सेल्सिअस आणि जेमतेम 0.006 वातावरण.

आता एक वातावरणावर आडवी रेघ ओढू आणि डावीकडून उजवीकडे जाऊ. आधी बर्फ, शून्य अंशाला पाणी, शंभरला वाफ.

(कार्बन डायऑक्साइडचा आलेख)

इथे त्रिकबिंदू उणे 56.6 अंशांवर आहे आणि दाब 5.1 वातावरण. आपली रेघ त्याच्या खालूनच जाते. उणे 78.5 अंशांना घनाची हद्द संपते आणि थेट वायूची सुरू होते. हेच संप्लवन.

(प्रयोगशाळा, जवळून)

द्रव बघायचाच असेल तर दाब वाढवायला हवा. जाड प्लॅस्टिकच्या पिपेटच्या फुग्यात ड्राय आइसचा चुरा भरून तोंड पकडीने दाबून धरलंय. दाब 5.1 वातावरणांवर पोचला, की चुरा वितळू लागतो. पकड सैल केली, की द्रव उकळतो आणि क्षणात पुन्हा पांढरा भुगा! (हे शिक्षकांच्या देखरेखीखालीच. बंद बाटलीत ड्राय आइस कधीही ठेवू नका, ती फुटते.)

फुग्यात नीट बघा, न वितळलेले कण तळाशी बसलेत. पाण्यात बर्फ तरंगतो, इथे घन बुडतो. दाब कमी जागा घेणाऱ्या अवस्थेची बाजू घेतो. म्हणून कार्बन डायऑक्साइडची वितळण्याची रेषा वर जाताना उजवीकडे झुकते, म्हणजे दाब वाढला की वितळणं अवघड. पाण्याची मात्र डावीकडे, पण अगदी किंचित. बर्फाचा वितळणबिंदू एका अंशाने उतरवायला 130 हून जास्त वातावरणं लागतात.

(लादीवर तार)

वीस सेंटिमीटर रुंद लादीवर अर्धा मिलिमीटर जाडीची तार टाकून दोन्ही टोकांना मिळून दहा किलो वजन लावलंय. टेकलेली जागा एक चौरस सेंटिमीटर, दाब सुमारे दहा वातावरणं. वितळणबिंदू उतरला फक्त 0.07 अंश. तरी तार खाली सरकते आणि तिच्या वरचं पाणी पुन्हा गोठतं, कारण मुंबईच्या हवेत ही लादी मुळातच शून्यावर आहे. शिवाय धातूची तार बाहेरची उष्णताही आत आणते. उणे दहा अंशांच्या फ्रीझरमध्ये मात्र हीच तार जवळपास जागची हलणार नाही. तिथे बर्फ दाबाने वितळवायला हजाराहून जास्त वातावरणं लागतील.