सेल्फीतली वायर आणि तिची सावली

पडद्यावर दिसणारा हा सेल्फी एका तरुणीने संध्याकाळी घराच्या गॅलरीत उभे राहून काढलेला आहे. उजेड चित्राच्या डाव्या बाजूने येतो आहे, केस मोकळे आहेत, गळ्यात बारीक सोनसाखळी आहे, अंगात छापील कुर्ता आहे, आणि दोन्ही कानांतून निघालेली इयरफोनची पांढरी वायर छातीशी एकत्र येते आहे. फोटोतले हसू घरच्यांना इतके आवडले की लग्नाच्या बायोडाटावर हाच फोटो लावायचे ठरले. दुसरा फोटो काढणे केव्हाही सोपे असते, परंतु तसे हसू सांगून येत नाही, म्हणून इयरफोन आणि त्याची वायर फोटोतून काढण्याचे हे काम दुरुस्तीवर आले.

वायरीच्या मागे असलेली त्वचा या फाइलमध्ये कुठेही नोंदलेली नाही. वायर पुसली की खालून मान दिसू लागेल, असे काही घडत नसते. तिथली मान शेजारच्या भागांवरून नव्याने घडवावी लागते. चित्र मोठे करून पाहिले की काम नेमके किती आहे ते कळते. या फोटोत मानेवर वायरीची रुंदी सुमारे १४ पिक्सेल आहे, परंतु तिच्या उजवीकडे पडलेली सावली काही ठिकाणी त्याच्या दुप्पट रुंद आहे. वायर जिथे त्वचेला टेकलेली असते तिथे सावली अरुंद आणि रेखीव पडते. जिथे ती मानेपासून थोडी सुटून लोंबते, तिथे सावली रुंद, फिकट आणि वायरीपासून दूर सरकलेली असते. याशिवाय फोनचा कॅमेरा चित्र धारदार करताना वायरीच्या दोन्ही कडांना आणखी एक बारीक रेघ उमटवतो. त्यामुळे वायरीच्या रुंदीएवढाच पट्टा दुरुस्त केला, तर वायर गेली तरी तिचा आराखडा मानेवर तसाच राहतो, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी मान खटकते.

हे काम येथे गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेले आहे. सुरुवातीला मूळ चित्राच्या थराची, म्हणजे लेयरची, प्रत करून सगळे काम त्या प्रतीवर करायचे असते, म्हणजे शंका आली की खालच्या मूळ चित्राशी ताडून पाहता येते. मुख्य साधने दोनच आहेत. क्लोन हे साधन निवडलेल्या जागेवरचे पिक्सेल जसेच्या तसे उचलून दुसरीकडे ठेवते. हील हे साधन त्या जागेचा पोत घेते, पण रंग आणि उजेड मात्र नव्या जागेच्या आजूबाजूशी जुळवून घेते. मोकळ्या त्वचेवर हील अतिशय उपयोगी पडते. परंतु जवळच जबड्याची कड, केसांची बट किंवा कुर्त्याचा गळा असेल, तर त्या गडद कडेचा रंगही ते आजूबाजूचाच समजते आणि त्वचेवर काळपट डाग ओढते. म्हणून कडेपासून दोन-तीन ब्रश अंतरावर हील थांबवायचे आणि उरलेला भाग लहान क्लोन ब्रशने भरायचा, ही शिस्त शेवटपर्यंत पाळावी लागते.

या फोटोतली खरी गुंतागुंत डाव्या वायरीवर आहे, कारण तिच्यावरून केसांच्या पाच-सहा सुट्या बटा आडव्या गेलेल्या आहेत. साध्या क्लोनने वायर झाकली तर त्या बटाही कापल्या जातात आणि त्यांची अर्धवट टोके दोन्ही बाजूंना लटकत राहतात. येथे क्लोनचा मोड बदलून Darken only ठेवला जातो. या मोडमध्ये उचललेला पिक्सेल तिथे असलेल्या पिक्सेलपेक्षा गडद असेल तरच तो उमटतो. पांढरी वायर त्वचेपेक्षा उजळ असल्यामुळे तिच्या जागी त्वचा येते. काळे केस त्वचेपेक्षा गडद असल्यामुळे त्यांना ब्रशचा स्पर्शही होत नाही. वायर जणू केसांच्या मागून अलगद ओढून घेतली जाते.

मात्र या युक्तीलाही मर्यादा आहे. वायर गोल असते, त्यामुळे तिची उजेडाविरुद्धची बाजू पांढरी न राहता करडी होते, आणि त्या करड्या पट्टीतला लाल रंगाचा अंश त्वचेहून कमी असतो. हा मोड लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही अंश वेगवेगळे तपासतो, म्हणून करड्या पट्टीच्या जागी त्वचा पूर्णपणे उमटत नाही आणि एक मळकट, किंचित हिरवट रेघ मागे उरते. ती रेघ नेहमीच्या मोडमध्ये, चार-पाच पिक्सेलच्या ब्रशने, बटांच्या मधल्या जागा एकेक करून भरावी लागते. हा भाग कंटाळवाणा आहे, परंतु घाई केली तर ती नेमकी येथेच उघडी पडते.

यानंतर सावली. ती त्वचेपेक्षा गडद आहे, म्हणून तिच्यासाठी उलटा मोड, म्हणजे Lighten only, वापरता येतो. पण हाच मोड केसही पुसतो, त्यामुळे तो बटांपासून दूर, मोकळ्या मानेवरच चालवायचा. शिवाय सर्व गडद रेघा म्हणजे वायरीची सावली नव्हे. कानामागून गळ्याच्या खळगीकडे तिरका उतरणारा एक ठळक स्नायू असतो. चेहरा थोडा वळला की तो उठून दिसतो, आणि इयरफोनची वायर बहुधा त्याच्याच आसपासून खाली जाते. वायरीची सावली कुठे संपते आणि स्नायूची स्वतःची छटा कुठे सुरू होते, हे ओळखण्यासाठी वायर नसलेल्या भागात तो स्नायू कसा दिसतो ते आधी पाहून घ्यावे लागते. तो ओळखला नाही आणि दोन्ही छटा एकत्रच पुसल्या गेल्या, तर मान नळकांड्यासारखी गुळगुळीत होते.

मानेवरच्या आडव्या रेषांबाबतही हेच लागू आहे. या फोटोत अशा दोन रेषा आहेत आणि वायर दोन्हींना छेदून जाते. जुन्या काव्यात शंखासारख्या रेषांच्या गळ्याचे कौतुक आहे, पण हल्लीच्या दुरुस्तीत त्याच रेषा सर्वांत आधी घासल्या जातात, हे थोडे गमतीचेच म्हणावे लागेल. येथे रेषेचा डावा तुकडा उजव्या तुकड्याला जोडणे एवढेच काम आहे. त्यासाठी पिक्सेल उचलण्याची जागा बरोबर त्या रेषेवरच धरायची आणि ब्रश रेषेच्या दिशेनेच हलवायचा.

पिक्सेल उचलायचे ते मानेवरूनच, गालावरून नव्हे. सेल्फी घेताना अनेक फोन चेहऱ्याची त्वचा आपोआप मऊ करतात आणि मानेवरचा दाणेदारपणा मात्र तसाच ठेवतात. गालाचा तुकडा मानेवर बसवला तर रंग जुळूनही तिथे मेणचट ठिगळ दिसते. सोनसाखळीसाठी वेगळे तंत्र लागत नाही; वायरीखाली लपलेल्या तीन-चार कड्या शेजारच्या कड्यांवरून उचलायच्या आणि साखळीच्या वळणाप्रमाणे किंचित फिरवून बसवायच्या.

उजवी वायर मानेच्या सावलीतल्या बाजूने गेली आहे, त्यामुळे तिची स्वतःची सावली जवळजवळ दिसत नाही; पण खांद्याजवळ ती दाट केसांवरून उतरते. येथे पुन्हा Darken only उपयोगी पडतो, परंतु या वेळी पिक्सेल उचलण्याची जागा त्याच बटेवर, वायरीच्या थोडे वर किंवा खाली असायला हवी. शेजारच्या बटेवरून उचलले तर केसांची दिशा बदलते आणि भोवरा पडल्यासारखे दिसते. एकच जागा पुन्हा पुन्हा उचलली तर चमकेचा तोच ठिपका ओळीने उमटतो, आणि केसांच्या दुरुस्तीतली ही सर्वांत लवकर पकडली जाणारी खूण असते. शेवटी दोन पिक्सेलच्या ब्रशने काही सुटे केस काढावे लागतात. त्यासाठी गडद आणि चमकदार असे दोन्ही रंग शेजारच्या केसांतूनच उचलायचे, प्रत्येक केस कुठून निघतो आणि कुठे विरतो ते ठरवायचे, आणि नंतर त्याला अगदी हलका ब्लर द्यायचा, कारण फोनने टिपलेला कोणताही खरा केस इतका रेखीव नसतो.

कानाचे काम वेगळ्या जातीचे आहे. चित्रातला डावा कान केसांखाली आहे, म्हणून तिथे इयरबडचे केवळ टोक झाकावे लागते. उजवा कान पूर्ण दिसतो आणि त्यातल्या इयरबडने कानाची खोलगट वाटी, छिद्रापुढचा छोटा उंचवटा आणि पाळीचा वरचा भाग झाकून टाकला आहे. त्वचेसारखे आजूबाजूवरून अंदाजाने भरता येईल असे येथे काही नाही, कारण प्रत्येकाच्या कानाचा आकार निराळा असतो. दुसरा कान दिसत असता तर तो उलटा करून वापरता आला असता, पण तेव्हाही उजेडाची बाजू उलटी होऊन फसगत होण्याचा धोका राहतो. सुदैवाने तरुणीच्या फोनमध्ये जवळपास त्याच कोनातून काढलेला, इयरफोन नसलेला आणखी एक फोटो मिळाला. त्यातला पूर्ण कान घेतलेला नाही. वाटी आणि तिच्यापुढचा उंचवटा एवढाच तुकडा नव्या थरावर आणून, थोडा लहान करून आणि काही अंश फिरवून बसवला आहे. त्याच्या कडा कानाच्या स्वतःच्या घडीच्या अंधारात लपवल्या आहेत, कारण अंधारात जोड दिसत नाही. रंग जुळवताना तुकड्यात लालसरपणा थोडा वाढवावा लागला, कारण कान पातळ असल्यामुळे बाजूने आलेला उजेड त्यातून आरपार झिरपतो. वाटीच्या तळाशी काळा रंग भरण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तिथे गडद तांबूस तपकिरी छटा असते. असा दुसरा फोटो मिळाला नसता, तर कानावर केसांची बट ओढून घेणे हाच अधिक प्रामाणिक उपाय ठरला असता, कारण अंदाजाने रंगवलेला कान घरच्या माणसांना लगेच परका वाटतो.

तपासणीसाठी चित्र आडवे उलटवले जाते, म्हणजे सवयीने न दिसणारे दोष डोळ्यांसमोर येतात. मग एका प्रतीवर कॉन्ट्रास्ट मुद्दाम भडक केला जातो. साध्या चित्रात एकसारखी वाटणारी मान या प्रतीत ढगाळ दिसली, तर हीलने ठेवलेले डाग कुठे आहेत ते तेथे कळते. या फोटोत जबड्याखाली असे दोन डाग सापडले आणि मोठ्या, मऊ ब्रशने ते विरवले गेले. त्याच भडक प्रतीत आणखी एक गोष्ट दिसली: दोन वायरी जिथे एकत्र येतात तो जोड कुर्त्यावरून काढला गेला होता, पण त्याची लहानशी लांबट सावली कापडावरच्या छापील पानांत मिसळून तशीच राहिली होती. छापाचे तेच पान कुर्त्यावर दुसऱ्या बाजूलाही होते. ते उचलून, कापडाच्या चुणीप्रमाणे वळवून, त्या सावलीवर बसवण्यात आले, आणि त्यानंतरच सर्व थर ठेवलेली फाइल जपून बायोडाटासाठी जेपेग प्रत काढण्यात आली.