एनबीएमची पाटी

मंडळी, पत्रिकेवर तीन गोष्टी छापल्या आहेत: स्वादुपिंडाच्या अचानक उद्भवणाऱ्या दाहाची कारणं, त्याची प्रतवारी आणि आहार. मी शेवटच्या गोष्टीपासून सुरू करतो, कारण तीच सांगायला आलोय.

खाटेच्या दांडीला अडकवलेली ती पाटी इथे प्रत्येकाने लावली आहे. एनबीएम. तोंडाने काही नाही, पाण्याचा घोटही नाही. मी रेसिडेंट असताना आमच्या वॉर्डात बेचाळिशीच्या एक बाई आल्या. लग्नाचं जेवण जेवून आल्या आणि रात्री पोटाच्या वरच्या भागात कळ सुरू झाली. ती थेट पाठीत गेली. आडवं पडवेना, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटे. रक्तात लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक एन्झाइम, वरच्या मर्यादेच्या पंधरापट, सोनोग्राफीत पित्ताशयात बारीक खडे. पाटी लागली, सलाईन सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी कळ ओसरली, उलट्या थांबल्या, पोटात गुडगुड ऐकू येऊ लागली. बाई म्हणाल्या, "डॉक्टर, वाटीभर पेज मिळेल का?" मी म्हणालो, "ताई, लायपेज अजून उतरलेलं नाही." रोज सकाळी मी रक्त घ्यायचो, रोज तेच उत्तर द्यायचो. शेजारच्या आजींचा डबा उघडला की त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. सहाव्या दिवशी सलाईनची नस सुजली, दुसऱ्या हातात सुई गेली. नवव्या दिवशी पहिली पेज मिळाली, तीही चमच्याने. त्यांचं आजारपण तीन दिवसांचं होतं, पुढचे सहा दिवस उपाशी आम्ही ठेवलं. ते मला अजून टोचतं. (सभागृहात शांतता)

आमचा तर्क काय होता? अन्न लहान आतड्यात उतरलं की संप्रेरकं स्वादुपिंडाला पाचक रस सोडायला सांगतात. ग्रंथी स्वतःलाच पचवत असताना तिला कामाला कशाला लावा, विश्रांती द्या. ऐकायला बिनतोड. पण सुजलेल्या ग्रंथीचा स्राव आधीच कमी झालेला असतो, त्यामुळे उपासाने वाचवायचं ते फारसं उरत नाही. आणि तिकडे आतडं उपाशी राहतं. आतड्याच्या अस्तराच्या पेशी बऱ्याच अंशी समोरून जाणाऱ्या अन्नावर जगतात. ते थांबलं की अस्तर विरळ होतं आणि आतले जंतू बाहेर झिरपतात. स्वादुपिंडाचा काही भाग मेलेला असेल तर ते तिथे घर करतात. पुढच्या आठवड्यांतले बरेच मृत्यू या जंतुसंसर्गाने होतात. म्हणजे ज्या पेशंटला जपायला आपण पाटी लावत होतो, त्याचंच कुंपण आपण मोडत होतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, सात मिनिटं. मग उरलेलं भराभर.

कारणं. बहुतेक पेशंट खडे आणि दारू या दोनांतच येतात. मोठ्या खड्यापेक्षा बारीक खडा घातक, कारण तो घरंगळत नलिकेच्या तोंडाशी जाऊन अडकतो. दोन्ही नसेल तर रक्तातली चरबी, ट्रायग्लिसराइड बघा, 1000 मिग्रॅ/डेलीच्या वर असेल तर कारण सापडलं. फक्त ते पहिल्याच रक्तात तपासा, उपासाने ते झपाट्याने उतरतं आणि दोन दिवसांनी हाती काही लागत नाही. मग कॅल्शियम, औषधं, पित्तनलिकेत दुर्बिणीने नुकतीच झालेली ईआरसीपी.

प्रतवारी. लायपेजने निदान होतं, तीव्रता कळत नाही. पंधरापट असलेला चौथ्या दिवशी घरी जातो, चौपट असलेला आयसीयूत. 2012 च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणात बघायचं ते मूत्रपिंड, फुप्फुस आणि रक्ताभिसरण. तिन्ही शाबूत आणि गुंतागुंत नाही, तर सौम्य. एखादं बिघडलं पण 48 तासांत सावरलं, किंवा नुसती स्थानिक गुंतागुंत झाली, तर मध्यम. 48 तासांनंतरही बिघाड टिकला, तर तीव्र. म्हणून पहिले दोन दिवस लघवी मोजा, श्वास मोजा, युरिया चढतंय का बघा.

आता आहार. 2007 मध्ये स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासात सौम्य पेशंटना लगेच खाऊ दिलं, ते सहाऐवजी चार दिवसांत घरी गेले. 2014 मध्ये डच डॉक्टरांनी तीव्र होण्याची भीती असलेले 208 पेशंट घेतले. निम्म्यांना 24 तासांच्या आत नळीने आहार, बाकीच्यांना 72 तासांनी तोंडाने, जमलं नाही तरच नळी. संसर्ग आणि मृत्यूत फरक पडला नाही, आणि दुसऱ्या गटातल्या जवळजवळ 70 टक्के लोकांना नळी लागलीच नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने 2018 मध्ये सांगितलं, सोसेल तर 24 तासांतच तोंडाने खाऊ द्या.

थेंबभर पाणी, मग नारळपाणी, मग पेज ही शिडीही लागत नाही. भूक लागली, उलटी नाही, की सरळ मऊ भात आणि मुगाचं वरण, तुपाची धार नको. लायपेज उतरायची वाट बघू नका, कळ पूर्ण जायचीही नाही. खाल्ल्यावर कळ वाढली तर थांबा, दुसऱ्या दिवशी पुन्हा द्या. पोट ताठ फुगलेलं असेल, उलट्या चालू असतील, पेशंट व्हेंटिलेटरवर असेल, तर तोंडाने नको. तीन ते पाच दिवसांत जमलंच नाही तर नाकातून नळी, साधी जठरापर्यंतचीही चालते. शिरेतून पोषण त्यानंतर, आतडं अजिबात चालत नसेल तेव्हाच.