३० सेकंदांत दिवाळी: मॉलच्या जाहिरातीचा आवाज

[दृश्य: रेकॉर्डिंग स्टुडिओ, माईकसमोर व्हॉइस आर्टिस्ट. म्युझिक नाही]

निवेदन (सावकाश): मॉलच्या दिवाळीच्या जाहिरातीला मिळतात ३० सेकंद. मराठी समजेल असं बोलायचं तर सेकंदाला साधारण २ शब्द, म्हणजे झाले ६०, त्यातून श्वासाला आणि म्युझिकला जागा सोडली की उरतात जेमतेम ४०. आणि मॉलवाल्यांना मात्र कपडे, मोबाईल, फर्निचर, लकी ड्रॉ, फ्री पार्किंग सगळंच बोलून हवं असतं.

[ढोलकी जलद. "पन्नास टक्क्यांपर्यंत सूट" ही ऑफर घाईघाईत वाचलेली]

निवेदन: ऐकलंत? "पन्नास टक्क्यांपर्यंत" मधलं "पर्यंत" गिळलं गेलं, आणि खरी अट तर तिथेच आहे ना! कागदावर ५०% एवढंसं दिसतं, तोंडाने म्हणायला दीड सेकंद लागतो. म्हणून शब्द मोजायचे ते बोलून, आणि बाकीच्या ऑफर्स स्क्रीनवर लिहायच्या.

[म्युझिक थांबतं. मेट्रोनोम, ९६ बीपीएम]

निवेदन: आता लय. मिनिटाला ९६ ठोके धरले की ४ ठोक्यांचं आवर्तन बरोबर अडीच सेकंदांचं होतं, १२ आवर्तनांत ३० सेकंद पूर्ण, शेवटी म्युझिक कापावं लागत नाही. त्यावर बसवलेली ही स्क्रिप्ट बघा.

[० ते ५: फक्त सनई]

[५ ते १०, सनई बंद, तानपुरा. आवाज घरातला, निवांत]
"आकाशकंदील लागला... फराळाचे डबे भरले..."

[१०, हलकी ढोलकी]
"आईची साडी, बाबांचा कुर्ता झाला... आणि ताईची ओवाळणी? ती राहिलीच की!"

[१७.५, सगळं बंद. एक पूर्ण ठोका शांतता]

[लगेच ढोलकी जोरात, आवाज हसरा]
"चला मॉलमध्ये! वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत... कपड्यांवर पन्नास टक्क्यांपर्यंत सूट!"

[२५ ते ३०: मॉलचं नाव, "स्टेशनसमोर". मग सनई, समेवर शेवट]

निवेदन: सनई आवाजाखाली का नाही? तिचा सूर माणसाच्या आवाजाच्याच पट्ट्यात घुसतो आणि स, श, च सारखी अक्षरं झाकून टाकतो, नुसता व्हॉल्यूम कमी करून ते पूर्ण सुटत नाही, त्यामुळे ती फक्त मोकळ्या जागेत ठेवायची. आणि ती ठोकाभर शांतता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण त्याच्यानंतरचा पहिला शब्द हमखास ऐकला जातो, तिथे "चला" हवं, "धमाका" नको.

[दृश्य: इंजिनिअर मोबाईलवर मिक्स ऐकतोय]

निवेदन: शेवटची टेस्ट साध्या फोनवर. स्टुडिओच्या मोठ्या स्पीकरवर ढोलकीचा घुमारा मस्त येतो, फोनवर तो जवळपास गायब, उरते वरची टकटक, आणि ती नेमकी शब्दांवर पडत असेल तर ढोलकी अजून खाली घ्यायची. मिक्स पास झाला की साडेबारा सेकंदांचं छोटं व्हर्जन कापायचं, शेवटची ५ आवर्तनं, त्यात शांतता, "चला" आणि पत्ता तिन्ही येतात.