सहा गायी आणि एक गुरुवार

कोरेगाव तालुक्यातला हा गोठा. सकाळच्या धारा आटोपल्यात. सहा संकरित होलस्टीन गायी दावणीला उभ्या आहेत. सगळ्यांना व्यायला तीन महिने उलटून गेलेत, आणि मालकांच्या हिशेबानं एकही गाभण नाही.

माज येत नाही असं नाही. तो रात्रीत येऊन जातो, नाहीतर घरची माणसं उसाच्या भांगलणीला गेलेली असतात तेव्हा. माज टिकतो साधारण बारा ते अठरा तास, आणि दावणीला बांधलेली गाय तो दाखवेलच असं नाही. एक माज हुकला की एकवीस दिवस गेले. खुराक मात्र रोजचा चालूच.

म्हणून आज डॉक्टर आलेत. माजाची वाट न बघता रेतनाचा दिवसच ठरवून टाकायचा, अशी ही पद्धत. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी ती 1995 मध्ये मांडली. तिला ‘ओव्हसिंक’ म्हणतात.

सुई भरण्याआधी डॉक्टर खांद्यापर्यंतचा हातमोजा चढवतात आणि एकेक गाय तपासतात. तिसऱ्या गायीपाशी त्यांचा हात थांबतो. मालक तिला उलटलेली समजत होते. ती निघाली दोन महिन्यांची गाभण. पुढच्या आठवड्यातलं इंजेक्शन तिला गेलं असतं तर गाभ पडला असता. ही तपासणी टाळून कुणी थेट सुई टोचत असेल, तर त्याला गोठ्यात घेऊ नये.

शेवटची गाय पहिलारू. बरगड्या मोजता येतात. तिचे बीजांडकोश लहान आणि गुळगुळीत लागतात, म्हणजे तिचं चक्र सुरूच झालेलं नाही. तिला आज बाजूला ठेवलं. उरल्या चार.

सोमवार, सकाळी आठ. पहिली सुई, बुसेरेलिनची, 10 मायक्रोग्रॅम. बीजांडकोशावर बीज धरलेला मोठा फोड, म्हणजे फॉलिकल, तयार असेल तर ते या सुईनं फुटतं, त्या जागी पीतपिंड तयार होऊ लागतो आणि दीड-दोन दिवसांत नव्या फॉलिकलची वाढ सुरू होते. चारही गायी चक्राच्या वेगवेगळ्या दिवशी होत्या. त्यांना एका रांगेत आणायचं काम इथून सुरू होतं.

पुढचा सोमवार, पुन्हा आठ. आता प्रोस्टाग्लँडिन, क्लोप्रोस्टेनॉल असेल तर 500 मायक्रोग्रॅम. हे पीतपिंड विरघळवतं. पीतपिंडातून निघणारं प्रोजेस्टेरॉन माजाला अडवून धरत असतं. ते उतरलं की नवं फॉलिकल झपाट्यानं वाढतं.

हे औषध कातडीतून अंगात जातं. गरोदर बाईनं आणि दमा असलेल्या माणसानं त्याला हात लावू नये. आपल्याकडे गाय धरायला बहुतेक वेळा घरची सूनच उभी असते, म्हणून हे मुद्दाम सांगायचं. अंगावर थेंब उडाला तर लगेच साबणानं धुवायचा.

बुधवार, दुपारी चार, म्हणजे छप्पन्न तासांनी बुसेरेलिन पुन्हा. त्यानंतर साधारण चोवीस ते बत्तीस तासांत बीज सुटतं. म्हणून गुरुवारी सकाळी आठला रेतन करायचं, माज दिसो वा न दिसो. बीज सुटेपर्यंत शुक्रजंतू वाटेवर तयार असतात. बुधवारची सुई संध्याकाळवर ढकलली आणि रेतन मात्र सकाळीच केलं, तर हा मेळ बिघडतो.

या गोठ्यात गुरुवारी रेतन झालं तीनच गायींना. चौथी पहिल्याच शनिवारी सकाळी माजावर आली; काचेसारखा बळस शेपटीला लोंबत होता. पहिली सुई दिली तेव्हा तिच्या चक्राचा सोळावा दिवस होता. त्या सुईनं तिचं फॉलिकल फुटलं नाही आणि जुना पीतपिंड आपल्या वेळेला आपोआप विरघळला. अशा गायीला गुरुवारपर्यंत थांबवलं तर बीज कधीच निघून गेलेलं असतं. तिला त्याच संध्याकाळी भरवलं आणि पुढच्या सुया बंद केल्या. सुया चालू आहेत म्हणून माजाकडे बघणं सोडलं, की नुकसान होतं ते इथं.

पहिल्या सुईनं फॉलिकल सगळ्याच गायींत फुटत नाही. चक्राच्या पाचव्या ते बाराव्या दिवसात सुरुवात झाली तर जमण्याची शक्यता जास्त. तो दिवस बाहेरून कळत नाही. त्यामुळे एका खेपेला शंभरातल्या तीस-चाळीस गायी गाभण राहिल्या तरी काम चांगलं झालं म्हणायचं. नैसर्गिक माज नीट ओळखून वेळेवर भरवलेल्या गायीपेक्षा इथं जास्त यश मिळत नाही. फायदा एवढाच, की न दिसणाऱ्या माजाच्या गायीलाही रेतन मिळतं. कडक उन्हाळ्यात हा आकडा आणखी घसरतो, आणि गर्भाशयात पू असेल तर आधी तो उपचार.

रेतनानंतर अठराव्या ते चोविसाव्या दिवसापर्यंत सकाळ-संध्याकाळ नजर ठेवायची. इथं गुरुवारच्या तिघींपैकी एक विसाव्या दिवशी उलटली. तिला तिथंच पुन्हा भरवलं. उलटली नाही म्हणजे गाभण, असं धरून चालत नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी उरलेल्या तिघींना हात घालून तपासलं. शनिवारची गाय आणि गुरुवारची एक, अशा दोघी गाभण निघाल्या.

पहिलारूचा खुराक वाढवलाय, खनिज मिश्रण रोज चालू आहे. अंग भरल्यावर डॉक्टर तिचे बीजांडकोश पुन्हा तपासतील. तेव्हाही चक्र सुरू नसेल, तर योनिमार्गात सात दिवस ठेवायचं प्रोजेस्टेरॉनचं साधन आणि त्याबरोबर याच सुया, असा तिचा पुढचा उपचार ठरलाय.