दोन ओळींत एकच x कसा?

A आणि B या दोन मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू λ आणि μ असतील तर A+B ची आयगेनव्हॅल्यू λ+μ असते, हे दाखवायला फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आहेत: Ax = λx आणि Bx = μx. बेरीज केली की (A+B)x = (λ+μ)x. बीजगणित बिनचूक आहे. चूक आहे ती दोन्ही ओळींत एकच x लिहिण्यात. A चा आयगेनव्हेक्टर B चाही आयगेनव्हेक्टर असेल, हे आपण न सांगताच धरून चाललो.

A आडवी दिशा दुप्पट करते आणि उभी दिशा शून्यावर आणते असं समजा. B हेच करते, पण तिची दुप्पट होणारी दिशा θ कोनात कललेली आहे. दोघींच्याही आयगेनव्हॅल्यू २ आणि ० आहेत. A+B च्या मात्र 2 ± 2cosθ येतात. θ शून्य असेल तर ४ आणि ०, काटकोन असेल तर २ आणि २. ६० अंशांसाठी हिशेब करून बघू:

```
A+B = [ 2.5    0.866 ]
      [ 0.866  1.5   ]
```

ट्रेस ४, डिटर्मिनंट ३. म्हणून आयगेनव्हॅल्यू ३ आणि १. घटक मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंमध्ये कोनाची माहितीच नसते, मग त्यांवरून उत्तर निघणार तरी कसं? ट्रेस तेवढा टिकतो: प्रत्येक कोनाला बेरीज ४ च.

AB = BA असेल तर दोघींना एकाच बेसिसमध्ये त्रिकोणी रूप देता येतं आणि कर्णावरच्या आकड्यांची जोडीजोडीने बेरीज करता येते; कोणाची जोडी कोणाशी, हे तो बेसिस ठरवतो. ही अट पुरेशी आहे, आवश्यक नाही: दोन्ही आधीच वरच्या त्रिकोणी असतील तर AB ≠ BA असूनही बेरीज जुळते.

सिमेट्रिक मॅट्रिक्समध्ये निदान मर्यादा असते. बेरजेची सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू दोघींच्या सर्वांत मोठ्या आयगेनव्हॅल्यूंच्या बेरजेपलीकडे जात नाही; हर्मान वाइल यांच्या १९१२ मधल्या असमानतांमध्ये हे येतं. सिमेट्री गेली की तेही जातं, आणि गुणाकारात ते फार जाणवतं:

```
A = [ 0.5  4   ]    B = [ 0.5  0   ]
    [ 0    0.5 ]        [ 4    0.5 ]
```

चारही आयगेनव्हॅल्यू ०.५. एकटी A किंवा एकटी B कितीही वेळा लावा, व्हेक्टर शेवटी शून्याकडेच जातो. आता आळीपाळीने लावा. (1, 0) वर आधी B लावली की (0.5, 4) मिळतो, त्यावर A लावली की (16.25, 2). B पहिल्या घटकातून दुसऱ्यात चौपट ओतते आणि A तेच उलट पहिल्यात ओतते. एकटीला परतीची वाट नसते. दोघी मिळून फेरा पूर्ण करतात. AB ची मोठी आयगेनव्हॅल्यू सुमारे १६.४९६ आहे, दर दोन पायऱ्यांना इतकी वाढ. दुसरी जवळपास ०.००३८. त्यांचा गुणाकार ०.०६२५, म्हणजे ०.२५ × ०.२५. त्यामुळे नुसता डिटर्मिनंट तपासणाऱ्याला इथे काहीच वावगं दिसणार नाही.