सॉ पाल्मेटो: परीक्षानळीत चालतं, मग पेशंटमध्ये का दिसत नाही?

[पडद्यावर: सकाळची सारसबाग, चालणारी ज्येष्ठ मंडळी]

पुण्यात साठी ओलांडलेल्या पुरुषांच्या कुठल्याही कट्ट्यावर बसा, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागतं हा विषय निघतोच. आणि मग कोणीतरी सांगतं, अहो माझा मुलगा अमेरिकेतून कॅप्सूल पाठवतो, झाडाच्या फळाचं आहे, साइड इफेक्ट नाही, घेऊन बघा. ते फळ म्हणजे सॉ पाल्मेटो, फ्लोरिडाच्या बाजूला वाढणाऱ्या एका खुज्या ताडाचं. त्यातून काढलेला तेलकट अर्क दिवसाला साधारण 320 मिलिग्रॅम घेतात, आणि डबीवर लिहिलेलं असतं की हे फाइव्ह-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम अडवतं.

हे खोटं नाहीये. पण कुठे खरं आहे ते नीट बघायला हवं.

[पडद्यावर: प्रोस्टेटच्या पेशीचं चित्र]

हा लघवीचा त्रास बऱ्याचदा मूत्रमार्गाभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी वाढल्याने होतो, आणि ती वाढते मुख्यतः डीएचटी या हार्मोनच्या जोरावर. रक्तातून टेस्टोस्टेरॉन पेशीत येतं, तिथे हे एन्झाइम त्याचं डीएचटीमध्ये रूपांतर करतं, आणि डीएचटी टेस्टोस्टेरॉनपेक्षा बरंच ताकदवान असतं. एन्झाइमचे दोन प्रकार महत्त्वाचे, पहिला जास्त करून त्वचेत आणि लिव्हरमध्ये, दुसरा प्रोस्टेटमध्ये. वाढलेल्या प्रोस्टेटसाठी डॉक्टर देतात ती फिनास्टेराइड ही गोळी दुसऱ्या प्रकाराच्या नेमक्या त्या जागी जाऊन बसते जिथे टेस्टोस्टेरॉन बसायचं असतं, आणि लवकर सुटत नाही. सॉ पाल्मेटोच्या अर्कात असं एकच नेमकं औषध नाही. त्यात मुख्यतः मोकळी फॅटी ॲसिड्स असतात, लॉरिक, ओलेइक, मिरिस्टिक, लिनोलेइक वगैरे, आणि थोडे वनस्पती स्टेरॉल. लॅबमध्ये पेशींवर अर्क टाकला की एन्झाइमचं काम मंदावतं, दोन्ही प्रकारांचं, आणि ते मुख्यतः या मोकळ्या फॅटी ॲसिड्समुळे. हे एन्झाइम पेशीच्या आतल्या चरबीच्या पडद्यात रुतून बसलेलं असतं, त्यामुळे आजूबाजूला फॅटी ॲसिड्सची गर्दी झाली की त्याच्यावर परिणाम होणं समजण्यासारखं आहे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे या. शेंगदाणा तेलातली चरबी मुख्यतः ओलेइक आणि लिनोलेइकच असते. तेलात ती बांधलेली असते, पण आतड्यात पचताना मोकळी होते. एक चमचा तेल म्हणजे साडेचार ग्रॅमच्या आसपास, आणि कॅप्सूलमधला सगळा अर्क धरला तरी एक तृतीयांश ग्रॅमपेक्षा कमी. परीक्षानळीत तुम्ही पेशींवर हवं तेवढं ओतू शकता, शरीरात मात्र ही ॲसिड्स रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतात, जळतात, साठतात, आणि प्रोस्टेटच्या पेशीत त्यातलं किती जादाचं पोचत असेल हा मला या सगळ्यातला सगळ्यात कळीचा प्रश्न वाटतो.

उत्तर शोधायचा एक चांगला मार्ग आहे, कारण हे एन्झाइम खरंच अडलं की शरीरात खुणा उमटतात. फिनास्टेराइड घेतल्यावर रक्तातलं डीएचटी साधारण 70 टक्के उतरतं, सहा महिने ते वर्षभरात पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणाऱ्या एका प्रथिनाचा आकडा, जवळपास निम्मा होतो आणि प्रोस्टेटचा आकार कमी होतो. 1994 साली निरोगी पुरुषांना आठवडाभर हे औषध किंवा अर्क देऊन बघितलं होतं, फिनास्टेराइडवाल्यांचं डीएचटी घसरलं, अर्कवाल्यांचं हललंच नाही. उलट बाजूचा एक पुरावाही आहे आणि तो सांगितलाच पाहिजे: 2001 च्या एका छोट्या ट्रायलमध्ये प्रोस्टेटचा तुकडा काढून तपासला तेव्हा आतलं डीएचटी 32 टक्क्यांनी कमी सापडलं. पण तिथे दिलेलं औषध सॉ पाल्मेटोसोबत इतर वनस्पतींचं मिश्रण होतं, माणसं मोजकी होती, आणि प्रोस्टेटचा आकार काही कमी झाला नाही.

[पडद्यावर: 1996]

मग लोकांना बरं वाटतं ते कसं? इथे 1996 ची युरोपातली मोठी ट्रायल येते, जवळपास 1100 पुरुष, सहा महिने, अर्धे अर्कावर आणि अर्धे फिनास्टेराइडवर. लक्षणांचा स्कोर अर्कात 37 टक्क्यांनी उतरला, फिनास्टेराइडमध्ये 39 टक्क्यांनी. म्हणजे बरोबरीच की! याच आकड्यांवर पुढे कितीतरी जाहिराती चालल्या. पण त्याच ट्रायलमध्ये पीएसए फक्त फिनास्टेराइडवाल्यांचा उतरला, अर्कवाल्यांचा होता तिथेच राहिला. आणि त्यात प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीचा, गटच नव्हता.

हे का महत्त्वाचं, तर त्याच वर्षी अमेरिकेत दुसरी एक ट्रायल छापून आली, 1200 हून जास्त पुरुष, वर्षभर. तिथे प्लासिबोने स्कोर 2.6 ने उतरला, फिनास्टेराइडने 3.2 ने, आणि टेराझोसिन या वेगळ्या प्रकारच्या गोळीने 6.1 ने. म्हणजे ज्यांची प्रोस्टेट फार मोठी नाही त्यांच्यात पहिल्या वर्षात फिनास्टेराइडच प्लासिबोच्या फार पुढे जात नाही. मग 'फिनास्टेराइडइतकंच चांगलं' याचा अर्थ 'प्लासिबोइतकंच' असाही होऊ शकतो, आणि युरोपातली ती ट्रायल हे दोन अर्थ वेगळे करूच शकत नव्हती.

[पडद्यावर: सात प्रश्नांचा फॉर्म]

स्कोर कसा काढतात तेही बघा. सात प्रश्न, गेल्या महिन्यात धार किती वेळा बारीक झाली, रात्री किती वेळा उठलात, असे, प्रत्येकाला 0 ते 5, एकूण 35. समजा सदाशिव पेठेतले एक काका आहेत. थंडीत त्रास वाढला, तेव्हाच ते डॉक्टरकडे गेले आणि ट्रायलमध्ये शिरले, स्कोर 15. दोन महिन्यांनी ऊन पडलं, डॉक्टरांनी विचारपूस केली, संध्याकाळचा चहा कमी करायला सांगितलं, स्कोर 12. कॅप्सूलमध्ये काहीही असलं तरी हे तीन गुण कमी झालेच असते. आणि साधारण तीन गुणांचा फरक पडला की माणसाला थोडं बरं वाटायला लागतं, म्हणजे काका खोटं बोलत नाहीयेत, त्यांना खरंच बरं वाटतंय.

म्हणून प्लासिबो गट लागतो, आणि तो चांगला लपवलेला लागतो, कारण अर्काला वास आणि चव दोन्ही आहेत. 2006 च्या अमेरिकेतल्या ट्रायलमध्ये ही काळजी घेतली होती, 225 पुरुष, एक वर्ष, आणि अर्क मिळतोय असं वाटणाऱ्यांचं प्रमाण प्लासिबो गटातही तेवढंच होतं, उलट किंचित जास्तच. स्कोर अर्काने 0.68 ने उतरला, प्लासिबोने 0.72 ने. मग लोक म्हणाले डोस कमी पडला असेल. तर 2011 च्या ट्रायलमध्ये 369 पुरुषांना 320 पासून 960 मिलिग्रॅमपर्यंत डोस वाढवत नेला, 72 आठवडे. अर्काने 2.2 गुण, प्लासिबोने जवळपास 3. तिप्पट डोसलाही पीएसए हलला नाही.

एक आक्षेप मात्र मला हलका वाटत नाही. या दोन ट्रायलमधले अर्क कार्बन डायऑक्साइड आणि अल्कोहोल वापरून काढलेले होते, आणि युरोपात नाव कमावलेला अर्क हेक्झेन नावाचं द्रावक वापरून काढतात. वेगवेगळ्या ब्रँडमध्ये मोकळ्या फॅटी ॲसिडचं प्रमाण खूप कमीजास्त सापडलंय, त्यामुळे एका अर्काचा निकाल दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. युरोपियन औषध एजन्सीसुद्धा हेक्झेनच्या अर्काला वेगळा, वरचा दर्जा देते. पण त्याच्या बाजूचे बरेच पुरावे जुन्या, लहान किंवा प्लासिबो नसलेल्या ट्रायलमधून येतात. 2006 सारखी कडक, वर्षभराची ट्रायल नेमक्या त्या अर्कावर व्हायला हवी, आणि त्यात डीएचटी, पीएसए आणि स्कोर तिन्ही मोजायला हवेत.

तोपर्यंत कॅप्सूल घेणाऱ्याने युरॉलॉजिस्टला ती दाखवावी. फिनास्टेराइड सहा महिन्यांहून जास्त चालू असेल तर डॉक्टर पीएसएचा आकडा दुप्पट धरून वाचतात. सॉ पाल्मेटोवर तसं करायचं नाही, रिपोर्टमध्ये जो आकडा आलाय तोच खरा धरायचा. आणि लघवीतून रक्त आलं किंवा लघवी तुंबली तर कॅप्सूलवर वाट बघत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.