चिकटलेलं नाव

नमस्कार श्रोतेहो.

आपल्या भाषेत चिडवण्याला केवढे शब्द आहेत बघा. थट्टा, चेष्टा, मस्करी. एक पायरी खाली उतरलं की टिंगल, टवाळी. आणखी खाली टर उडवणं, आणि अगदी तळाला कुचेष्टा. मस्करीची कुस्करी होते हे पूर्वापार ठाऊक असलेली ही भाषा आहे. तरी कामाच्या जागी आपण नेमक्या कुठल्या पायरीवर उभे आहोत, हे चिडवणाऱ्याला सहसा कळत नाही. मला कळलं नव्हतं. आज मी ते सांगणार आहे, कारण ते नाव मीच ठेवलं होतं.

आमच्या विभागात एक नवा सहकारी आला. त्याचं नाव सांगत नाही. एक नको असलेलं नाव त्याला आधीच चिकटवून झालंय, आता खरं नाव तरी त्याच्यापाशी राहू दे. पहिल्याच आठवड्यात जेवताना तो सहज म्हणाला, "माझे वडील ट्रक चालवायचे. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर क्लिनर म्हणून जायचो." अभिमानानं सांगितलं होतं त्यानं. दुसऱ्या दिवशी मी हाक मारली, "काय क्लिनर, चहा?" तो हसला आणि म्हणाला, "चल ड्रायव्हर." इथपर्यंत ती थट्टाच होती. हाक माझी, उत्तर त्याचं, आणि दोघांनाही मागची गोष्ट माहीत.

मग ते नाव प्रवासाला निघालं. महिनाभरात शेजारच्या टेबलांवर पोचलं. तिथल्या लोकांना ट्रकची गोष्ट माहीत नव्हती, वडील माहीत नव्हते. त्यांच्या लेखी क्लिनर म्हणजे गाडी पुसणारा पोऱ्या. मग एका बैठकीत साहेब म्हणाले, "हा तपशील क्लिनरला विचारा." सगळे हसले. त्या खोलीत तो उलटून साहेबांना ड्रायव्हर म्हणू शकणार होता का? तीच हाक, तोच शब्द, पण उत्तर देण्याची सोय संपली होती. माझ्या मते गंमत तिथेच संपली, आणि ते आमच्या कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात न येण्याचं एक कारण म्हणजे तो हसायचा. सर्वांच्या आधी हसायचा. हे मला फार उशिरा दिसलं. हाक पूर्ण व्हायच्या आतच त्याच्या चेहऱ्यावर हसू तयार असायचं, आणि बाकीचे हसायचे थांबले की त्याचंही एकदम बंद व्हायचं. गंमत वाटून हसणारा माणूस थोडा रेंगाळतो, पुढे काहीतरी जोडतो. मार चुकवायला हसणारा माणूस वेळ गाठतो. कामाच्या ठिकाणी हसणं ही पुष्कळदा संमती नसते. ज्यांच्याशी रोज काम आहे त्यांच्यात 'याला गंमत कळत नाही' असा शिक्का बसू नये, म्हणून भरलेली ती किंमत असते.

दुसरं कारण माझ्याकडचं. माझ्या मनात वाईट काही नव्हतं, आणि ते त्याला दिसत असेल असं मी धरून चाललो होतो. जस्टिन क्रूगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये नेमक्या याच गोष्टीवर अभ्यास प्रसिद्ध केला. चिडवणाऱ्याला आपला चांगला हेतू जितका उघड वाटतो, तितका तो समोरच्याला जाणवत नाही, असं त्यात आढळलं. म्हणजे "अरे, गंमत केली" हे बोलणाऱ्याच्या दृष्टीनं खरं असतं, पण ऐकणाऱ्याच्या हाती फक्त शब्द लागतात.

यापुढे नाव कामात घुसलं. बाहेरच्या एका ग्राहकानं फोनवर विचारलं, "तुमचे ते क्लिनर आहेत का?" आणि वर्षअखेरीस एका गटाची जबाबदारी त्याला द्यायची चर्चा निघाली, तेव्हा कुणीतरी म्हणालं, "क्लिनर स्टिअरिंग धरणार?" पुन्हा हशा. जबाबदारी दुसऱ्याला गेली. नावामुळेच गेली असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण त्या हशानंतर त्याच्या कामाबद्दल एकही वाक्य कुणी बोललं नाही, हे मी ऐकलंय. टोपणनाव माणसाच्या कामाची चर्चा बंद पाडू लागलं की मी त्याला छळच म्हणेन, मग म्हणणारे कितीही गोड असोत.

किती दिवस चाललं म्हणजे छळ म्हणायचा, असं लोक विचारतात. कामाच्या जागी घोळका करून एकाला टोचत राहण्याचा अभ्यास हाइन्झ लेमन या मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात स्वीडनमध्ये केला. त्यांनी निकष धरला होता आठवड्यातून निदान एकदा, आणि निदान सहा महिने. पण ती संशोधनासाठी आखलेली रेघ होती. सहा महिने भरेपर्यंत तक्रार करू नका, असा तिचा अर्थ नव्हे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 2019 मध्ये स्वीकारलेला 190 क्रमांकाचा करार तर स्पष्ट म्हणतो की असं वर्तन एकदा घडलेलं असो वा पुन्हा पुन्हा, ते छळात मोडू शकतं. जातीवरून, रंगावरून, व्यंगावरून मारलेला एकच शेरा पुरेसा असतो.

आता ज्याला असं नाव चिकटलंय त्याच्यासाठी. सांगायचं ते एका वाक्यात सांगा: "मला माझ्या नावानं हाक मार." कारण देऊ नका. "मला वाईट वाटतं" म्हटलं की वाईट वाटण्याचीच नवी थट्टा सुरू होते. शक्यतो एकेकाला गाठून सांगा, घोळक्यात नको. त्यानंतरही चाललं, तर तारीख, नेमके शब्द आणि तिथे कोण कोण होतं, एवढं त्याच दिवशी लिहून ठेवा. "सगळे मला नेहमी चिडवतात" ही तक्रार टिकत नाही, पण तीन तारखा आणि तीन वाक्यं टिकतात. आणि एकदा सांगूनही जो थांबत नाही, त्याला यापुढे 'माहीत नव्हतं' म्हणता येत नाही.

शेजारी बसणाऱ्याचं काम त्याहून सोपं आहे. भाषण करायचं नाही. कुणी म्हणालं, "क्लिनरला पाठव", की आपण त्याचं खरं नाव घेऊन म्हणायचं, "हो, त्यांना पाठवतो." बस, एवढंच. आणि साहेब लोकांना विनंती, दोघांना समोरासमोर बसवून "हात मिळवा, मिटवून टाका" करू नका. एका बाजूला पूर्ण टेबल आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस असताना ती तडजोड होत नाही, तो एकटा फक्त आणखी एकदा हसून दाखवतो.

मी माफी मागितली ती जिन्यात, दोघंच असताना. तो म्हणाला, "तू म्हणायचास तेव्हा मला काही वाटायचं नाही रे. पण तुझ्यामुळे सगळे म्हणायला लागले." मग जरा थांबून म्हणाला, "बाबा एकदा न्यायला आले होते मला. गेटवर कुणीतरी त्या नावानं हाक मारली. ते काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा कधी आले नाहीत."

त्या दिवसापासून मी त्याला नावानं हाक मारतो. साहेबांनाही जाऊन सांगितलं. लोकांच्या जिभेवरून ते उतरायला बराच काळ गेला. परवा एक नवा मुलगा कागद घेऊन माझ्याकडे आला आणि अगदी आदरानं विचारू लागला, "सर, ते क्लिनर सर कुठे बसतात?" त्याला ते आडनाव वाटलं होतं. मी त्याला टेबल दाखवलं, आणि नाव सांगितलं.

नमस्कार.